किनाऱ्यावर बाटल्या, पेपरात शून्य

पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा एखादा संशोधन पेपर डाउनलोड करतो. सारांश त्याला कळतो, प्रस्तावना बरीचशी कळते, निष्कर्षातले आलेख पाहून काहीतरी अंदाज येतो. मधलं ‘साहित्य आणि पद्धती’ मात्र तो सोडून देतो. त्याला विचारलं तर म्हणतो, “सर, ते लॅबवाल्यांसाठी असतं ना?” त्याचा दोष नाही. तो भाग लिहिलेलाच असतो असा, की बाहेरच्याने आत डोकावू नये. कर्ता गायब, क्रियापदं कर्मणी, आणि प्रत्येक वाक्यात तीन आकडे.

समजावणाऱ्याची पहिली चूक इथे होते. तो शब्दांचे अर्थ सांगायला लागतो. संपृक्त म्हणजे काय, पेरॉक्साइड म्हणजे काय, एफटीआयआर म्हणजे काय. अर्ध्या तासाने विद्यार्थ्याच्या वहीत बारा व्याख्या असतात आणि पेपर होता तिथेच असतो. माझा अनुभव असा की व्याख्या कमी द्याव्यात आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवावा: हे वाक्य इथे नसतं, तर कोणी कोणती हरकत घेतली असती? पद्धतीचा भाग हा पाककृती नसून पंचनामा असतो. कुठून उचललं, कशाने उचललं, कोणासमोर सील केलं, हे नंतर कोणी उलटतपासणी करील म्हणून लिहिलेलं असतं. प्रत्येक वाक्य हे कोणीतरी कधीतरी घेतलेल्या हरकतीचं उत्तर आहे, हे एकदा मुलाला दिसलं की आकडे निमूटपणे आपापल्या जागी बसतात.

उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं घेऊ: वाळूतलं सूक्ष्म प्लॅस्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, तंतू आणि कण. पुढचा परिच्छेद मी रचलेला आहे, कुठल्याही एका पेपरातला नाही. पण या विषयावरचे परिच्छेद साधारण असेच असतात. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, रत्नागिरीजवळच्या भाट्यासारखी समजा: एका बाजूला खाडीचं मुख, मागे सुरूचं बन, वर होड्या ओढलेल्या.

“जानेवारीत ओहोटीच्या वेळी, भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेवर १०० मीटर अंतरात ५ जागा निवडण्यात आल्या. प्रत्येक जागी २५ × २५ सेंमी चौकटीतील वरची ५ सेंमी वाळू स्टीलच्या खुरप्याने घेण्यात आली. नमुने ६० अंश सेल्सिअसला स्थिर वजन येईपर्यंत सुकवून ५ मिमी चाळणीतून चाळण्यात आले. त्यातील २०० ग्रॅम वाळू संपृक्त मिठाच्या द्रावणात (घनता १.२ ग्रॅम प्रति घसेंमी) ढवळून रात्रभर ठेवण्यात आली व वरचे द्रावण गाळण्यात आले, ही कृती तीनदा करण्यात आली. गाळलेल्या पदार्थावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची प्रक्रिया करून ०.३ मिमीहून मोठे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात आले. १० टक्के कणांची एफटीआयआरने खात्री करण्यात आली. तीन कोऱ्या चाचण्या घेण्यात आल्या. निष्कर्ष कण प्रति किलो कोरडी वाळू, सरासरी ± प्रमाण विचलन, असे दिले आहेत.”

आणि निष्कर्षात समजा असं लिहिलंय: पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, थोडं नायलॉन सापडलं. पेट, म्हणजे पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक, शून्य.

कोकणात वाढलेल्या पोराला हे शून्य खटकायला हवं. पुळणीवर सर्वांत जास्त काय दिसतं? बाटल्या. मग त्यांचे तुकडे गेले कुठे? हा प्रश्न त्याच्या तोंडून येऊ द्यावा, आपण घाईने उत्तर देऊ नये. उत्तर निष्कर्षात नाही, चर्चेतही बहुधा नाही. ते चौथ्या वाक्यात आहे, मिठाच्या.

वाळूतून प्लॅस्टिक वेगळं करायची युक्ती साधी आहे. वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ, त्याची घनता २.६५. शंख-शिंपल्यांचा चुरा साधारण २.७, आणि रत्नागिरीच्या काही पुळणींवरच्या काळ्या वाळूतलं इल्मेनाइट तर ४.७ च्या आसपास. प्लॅस्टिकं यापेक्षा पुष्कळ हलकी. मध्ये कुठेतरी घनता असलेलं द्रव घेतलं की वाळू तळाला आणि प्लॅस्टिक वर. संपृक्त मिठाचं पाणी साधारण १.२ पर्यंत जातं, त्यापुढे मीठ विरघळतच नाही. आता प्लॅस्टिकं एकेक घ्या. पॉलिप्रॉपिलीन ०.९ च्या आसपास, पॉलिथिन ०.९१ ते ०.९७, घन पॉलिस्टायरीन १.०५, नायलॉन १.१४. ही सगळी १.२ च्या खाली, म्हणून तरंगतात. पेट १.३८ च्या आसपास, पीव्हीसीही साधारण तेवढंच किंवा जरा जास्त. ही दोन्ही वाळूबरोबर तळाला बसतात आणि वाळूबरोबरच फेकली जातात.

तेव्हा पेपरातलं ‘पेट शून्य’ हे पुळणीबद्दलचं विधान नाहीच. ते मिठाबद्दलचं विधान आहे. पद्धतीचा परिच्छेद न वाचता आलेख पाहणारा प्रकल्पात लिहून मोकळा होईल की आमच्या किनाऱ्यावर बाटल्यांचं प्रदूषण नगण्य आहे, आणि त्याखाली संदर्भही देईल.

हे तोंडाने सांगण्यापेक्षा टेबलावर दाखवावं, दहा मिनिटांचं काम आहे. तीन काचेचे ग्लास, प्रत्येकात २५० मिली पाणी. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात ५० ग्रॅम मीठ. तिसऱ्यात ९० ग्रॅम, आणि ढवळून ढवळून थोडं तळाशी उरलं पाहिजे; नाही उरलं तर आणखी चिमूटभर घाला. उरलं म्हणजे द्रावण संपृक्त झालं. मग तीन गोष्टींचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे कापा: पाण्याच्या बाटलीचं झाकण, गळाला लावतात ती नायलॉनची तंगूस, आणि बाटलीचा अंगचा भाग. तिन्ही ग्लासांत तिन्ही तुकडे टाका आणि काडीने पाण्याखाली दाबून सोडा. दाबणं महत्त्वाचं आहे. प्लॅस्टिक पाण्याने सहजी भिजत नाही, त्यामुळे छोटा तुकडा जड असला तरी पृष्ठताणावर नुसता बसून राहतो आणि आपल्याला वाटतं तरंगला. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला तर हा घोळ टळतो. तंगूस एकपदरी घ्यावी. पिळाच्या दोरीत हवा अडकते आणि ती उगाच वर येते.

झाकणाचा तुकडा तिन्ही ग्लासांत वर राहतो. बाटलीचा तिन्हींत तळाला जातो. खरी गंमत तंगुशीची. साध्या पाण्यात बुडते, ९० ग्रॅमच्या ग्लासात तरंगते, आणि ५० ग्रॅमच्या ग्लासात पुन्हा बुडते. कारण त्या मधल्या द्रावणाची घनता १.१२ च्या आसपास असते आणि नायलॉनची १.१४. दोन्ही ग्लास दिसायला सारखे, दोन्हींना ‘मिठाचं द्रावण’ म्हणता येईल.

मधला ग्लास हा या सगळ्या प्रात्यक्षिकाचा गाभा आहे. कारण कोकणच्या किनाऱ्यावर नायलॉन म्हणजे जाळी. प्रयोगशाळेत कोणी लिटरला ३६० ग्रॅमऐवजी कमी मीठ घातलं, किंवा वाळू नीट न सुकवता ओली टाकली आणि तिच्यातल्या पाण्याने द्रावण पातळ झालं, तर जाळ्यांचे तंतू मोजणीतून गळतात. पेपरात तरीही ‘संपृक्त द्रावण’ असंच लिहिलेलं असतं. म्हणून चांगल्या पद्धतीत घनतेचा आकडा नुसता लिहिलेला नसतो, तो मोजलेला असतो. हायड्रोमीटरने म्हणा किंवा १०० मिलीचं वजन करून म्हणा, दर खेपेला. आपल्या परिच्छेदात ‘घनता १.२’ असं आहे. मोजली की पुस्तकातून उतरवली, ते कळत नाही. विद्यार्थ्याने समासात पहिलं प्रश्नचिन्ह इथे काढावं.

मग मीठच का वापरतात? स्वस्त, कुठेही मिळणारं, हाताला आणि नाल्याला निरुपद्रवी. झिंक क्लोराइडचं द्रावण १.५ च्या पुढे सहज नेता येतं, त्यात पेट आणि पीव्हीसी दोन्ही वर येतात. पण ते त्वचेला आणि भांड्यांना खातं, जलचरांना विषारी असतं, वापरून झाल्यावर ओतून देता येत नाही. सोडियम आयोडाइड चालतं, पण त्याची किंमत ऐकून महाविद्यालयाचा लेखापाल चष्मा काढून ठेवील. तेव्हा मीठ निवडणं ही चूक नाही. मीठ निवडून ‘पेट आढळले नाही’ असं लिहिणं ही चूक. ‘या पद्धतीत पेट व पीव्हीसी मोजले जात नाहीत’ असं एक वाक्य पुरलं असतं.

मिठाची आणखी एक खोड आहे. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या मिठातच सूक्ष्म प्लॅस्टिक असतं. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी भारतीय मिठाच्या नमुन्यांत ते सापडल्याचं २०१८ साली प्रसिद्ध केलं आहे. म्हणजे शोधायची वस्तू आपणच नमुन्यात ओततो आहोत. उपाय सोपा: द्रावण वापरण्याआधी बारीक काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळून घ्यायचं. आपल्या परिच्छेदात ते लिहिलेलं नाही. केलं असेलही. पण पंचनाम्यात जे नाही ते झालं असं धरून चालता येत नाही.

इथवर आल्यावर विद्यार्थ्याला परिच्छेदाच्या सुरुवातीला परत नेता येतं. आता त्याला चव लागलेली असते. ‘भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेवर’ का? कारण लाट जे हलकं आणते ते तिथे टाकून मागे फिरते. सुरूच्या काड्या, शेवाळ, थर्माकोलचे मणी, सगळं त्याच रेषेत. तिथे मोजलं तर आकडा मोठा येणार, दहा मीटर खाली मोजलं तर लहान. दोन्ही खरे. आणि ‘सर्वांत वरची रेषा’ उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची, की भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीची? उधाणानंतर लगेच गेलं तर वरची रेषा ताजी असते, भांगाला गेलं तर वरची रेषा कदाचित आठवड्याची जुनी, वाऱ्याने विस्कटलेली. तिथी किंवा भरतीची उंची दिलेली असेल तर लेखक किनाऱ्यावर खरोखर वावरलेला आहे असं मी समजतो.

‘जानेवारीत’ हाही नुसता तपशील नाही. पावसाळ्यातल्या लाटा आपल्याकडच्या पुळणींची बरीच वाळू ओढून नेतात, आणि पाऊस सरल्यावर ती हळूहळू परत चढते. जानेवारीत वरची ५ सेंमी वाळू म्हणजे गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चढलेली वाळू. तिच्यातलं प्लॅस्टिक हे वर्षानुवर्षांचं साठलेलं नव्हे. जूनमध्ये वहाळ वाहायला लागले की चित्र वेगळं असणार. या पेपरावरून ‘दरवर्षी किती येतं’ हे सांगता येत नाही, आणि लेखकानेही तसा दावा केलेला नसेल तर त्याला दोष नाही.

स्टीलचं खुरपं, कारण प्लॅस्टिकचं वापरलं तर त्याचे कपचे नमुन्यात. ६० अंश, कारण त्याहून फार तापवलं तर काही प्लॅस्टिकं मऊ पडून आकार बदलतात. ‘स्थिर वजन येईपर्यंत’ म्हणजे दोनदा वजन केलं आणि फरक पडला नाही. हे तीन तपशील एवढ्यावर सोडून पुढे जावं.

पेरॉक्साइडवर थोडं थांबायला हवं, कारण इथे घरची बाटली आठवून गैरसमज होतो. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते बरंच सौम्य असतं. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी पांढरी करतं. त्याचं काम म्हणजे तरंगून वर आलेल्या गोष्टींतून जे प्लॅस्टिक नाही ते जाळून टाकणं: शेवाळाचे धागे, सुरूच्या काड्यांचे तुकडे, किड्यांचे पंख. त्यात लोहाच्या क्षाराचं द्रावण घातलं की क्रिया जोरात होते, इतकी की शेवाळ जास्त असेल तर चंचुपात्र उकळून उतू जातं आणि नमुना टेबलावर. मग पाचातल्या चारच जागा उरतात. ‘अ‍ॅसिड का नाही वापरलं, त्याने शिंपल्यांचा चुरापण गेला असता?’ असं एखादी हुशार मुलगी विचारते. बरोबर आहे, पण तीव्र अ‍ॅसिड नायलॉनही खातं. पुन्हा जाळी मोजणीतून गळणार. पेरॉक्साइडला चुना हलत नाही, पण चुना तसाही मिठाच्या पाण्यात तळाशी राहिलेला असतो. दोन पायऱ्या एकमेकींना अशा सांभाळून घेतात, आणि म्हणून एकच पायरी बदलून चालत नाही.

आता मोजणी. सूक्ष्मदर्शकाखाली निळा तंतू दिसला. जाळीचा की मोजणाऱ्याच्या शर्टाचा? हवेत कपड्यांचे तंतू सतत उडत असतात आणि प्रयोगशाळेतल्या हवेतही. ‘तीन कोऱ्या चाचण्या’ हे पाच शब्दांचं वाक्य याचं उत्तर आहे, आणि पूर्ण परिच्छेदात ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. कोरी चाचणी म्हणजे वाळू न घेता बाकी सगळं जसंच्या तसं करायचं: तेच द्रावण, तीच भांडी, तेवढाच वेळ, तोच माणूस. शेवटी गाळणकागदावर जे मिळेल ते आपलं स्वतःचं.

आकडे घालून पाहू. तीन कोऱ्या कागदांवर ३, ४ आणि ५ तंतू मिळाले. सरासरी ४. वाळूच्या नमुन्यावर १४ मिळाले, तर पुळणीचे १०. हे २०० ग्रॅममधले, म्हणून किलोला ५०. इथे मुलं हमखास एक घोटाळा करतात: आधी १४ चे किलोला ७० करतात आणि त्यातून ४ वजा करून ६६ काढतात. कोरी चाचणी कागदाला लागू आहे, किलोला नाही. वजाबाकी आधी, गुणाकार नंतर. आणि एखाद्या नमुन्यावर ६ च तंतू मिळाले तर? ६ मधून ४ गेले, उरले २, असं लिहू नये. कोऱ्या कागदांतच ३ ते ५ असा चढउतार आहे. प्रचलित नियम असा की कोऱ्याची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्या मापाची, तिप्पट; इथे विचलन १, म्हणून ४ + ३ = ७, याच्या खालचा आकडा ‘सापडलं’ म्हणून धरायचा नाही. तीनच चाचण्यांवरून काढलेलं विचलन तसं डळमळीत असतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ज्या पेपरात कोऱ्या चाचण्यांचा उल्लेखच नाही, त्यातले तंतूंचे आकडे मी तरी प्रकल्पात घेऊ देणार नाही. तुकड्यांचे एक वेळ चालतील.

एफटीआयआरबद्दल एवढंच सांगावं की कणावर अवरक्त प्रकाश टाकून तो कुठला भाग शोषतो ते पाहतात आणि माहीत असलेल्या प्लॅस्टिकांच्या नक्षीशी जुळवतात. यंत्र कसं चालतं हे बीकॉमच्या मुलाला नको आहे. त्याला ‘१० टक्के’ समजायला हवं, आणि ते त्याला चांगलं समजतं, कारण ऑडिटमध्ये सगळी व्हाउचरं कोणीच तपासत नाही. समजा ६०० कण मोजले, ६० तपासले, त्यात ४५ खरंच प्लॅस्टिक निघाले. म्हणजे चारातला एक काहीतरी वेगळाच होता. तर ६०० हा आकडा ४५० कडे न्यायला हवा. नेला का, ते पाहा. आणि ६० निवडले कसे? चिमट्याने धरता येतील असे मोठे, रंगीत तेवढेच उचलले असतील, तर खात्रीचं प्रमाण फुगणार, कारण चुका बारीक पांढुरक्या कणांतच जास्त होतात.

‘०.३ मिमीहून मोठे’ हा आकडा छोटा दिसतो आणि सगळ्या तुलना त्यावर अडतात. प्लॅस्टिक फुटत जातं तसे लहान तुकडे वाढतात, त्यामुळे जो ०.१ मिमीपर्यंत मोजतो त्याला त्याच वाळूत बहुधा जास्त कण मिळतात. दोन किनाऱ्यांची तुलना करणाऱ्या तक्त्यात ही खालची मर्यादा वेगवेगळी असेल तर तो तक्ता किनाऱ्यांची नव्हे, चाळण्यांची तुलना करतो. शिवाय तंतू लांब पण बारीक. उभा झाला की चाळणीच्या भोकातून साप बिळात शिरावा तसा निसटतो.

शेवटचं वाक्य एककाचं. इथे वाणिज्यचा विद्यार्थी आपल्यापेक्षा सरस ठरतो, त्याला गणित करू द्यावं. चौकट २५ × २५ सेंमी, म्हणजे ०.०६२५ चौरस मीटर. खोली ५ सेंमी. वाळू ३.१२५ लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो, म्हणजे एका चौकटीत ५ किलो. किलोला ५० कण धरले तर चौकटीत २५०, आणि चौरस मीटरला २५० भागिले ०.०६२५, म्हणजे ४,०००. एकाच पुळणीबद्दल एक पेपर ‘५०’ म्हणतो, दुसरा ‘४,०००’, आणि दोघेही खरं बोलतात. बातमी कोणत्या आकड्याची होईल हे सांगायला नको. खोली आणि वाळूचं वजन दिलेलं असेल तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करता येतं. दिलेलं नसेल तर दोन्ही पेपर शेजारी ठेवूच नयेत.

आता ते ‘सरासरी ± प्रमाण विचलन’. पाच जागांचे आकडे समजा २०, ३५, ३०, १२० आणि ४५ आले. बेरीज २५०, सरासरी ५०, प्रमाण विचलन ४०. पेपरात ‘५० ± ४०’ छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं मोजणी ढिसाळ झाली. ढिसाळपणा नाही. चौथी जागा वहाळाच्या तोंडाशी आहे, एवढंच. पाचांपैकी चार जागा ५० च्या खाली आहेत, एकटी सगळ्यांना वर ओढते. मधला आकडा घेतला तर ३५. म्हणून पाचही आकडे तक्त्यात दिलेला पेपर सरासरी देणाऱ्यापेक्षा मला जास्त आवडतो. काही जण ४० ऐवजी १८ लिहितात; ती प्रमाण त्रुटी, ४० भागिले पाचाचं वर्गमूळ. ते चुकीचं नाही, पण १८ दिसायला नेटकं दिसतं. कोणतं लिहिलंय ते तळटीपेत बघावं.

याहून मोठी गोष्ट अशी की या पाच जागा १०० मीटरच्या आत आहेत. त्या एका पुळणीबद्दल बोलू शकतात, तेही त्या तुकड्याबद्दल. पेपराच्या शीर्षकात ‘कोकण किनारपट्टी’ असेल तर तिच्यासाठी नमुने किती? पाच नव्हेत, एक. पाचाचे पन्नास केले तरी एकच, जोवर ते त्याच १०० मीटरमधले आहेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्रातल्या प्रयोगांमधला हा दोष नाव देऊन दाखवला, आणि तेव्हापासून परीक्षक तो शोधतात. विद्यार्थ्याला नाव पाठ करायची गरज नाही. त्याने एवढंच विचारावं: शीर्षकात किती मोठी जागा आहे, आणि पद्धतीत किती?

एक गोष्ट आपल्या परिच्छेदात नाही, पण असायला हवी होती: परतावा चाचणी. स्वच्छ, भट्टीत तापवलेल्या वाळूत मोजून ५० रंगीत कण टाकायचे, पूर्ण कृती करायची आणि किती परत मिळतात ते पाहायचं. ४३ मिळाले तर ८६ टक्के. हेच नायलॉनच्या तंतूंनी आणि पेटच्या तुकड्यांनी केलं असतं, तर मिठाचा प्रश्न लेखकाच्याच टेबलावर उघड झाला असता आणि निष्कर्षातलं ते शून्य छापून आलं नसतं.

कित्येक पेपरांत यातलं काहीच सापडत नाही. एवढंच असतं: ‘पूर्वी वर्णन केलेल्या पद्धतीत किरकोळ बदल करून.’ तेव्हा त्या पूर्वीच्या पेपराकडे जावं. तोही आणखी मागे बोट दाखवतो, आणि मिठाच्या बाबतीत ही साखळी पुष्कळदा २००४ साली प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामापर्यंत पोचते. मूळ पद्धत मिळाली तरी ‘किरकोळ बदल’ कोणता, हे मिळत नाही. मग पेपरावर ज्याचा ईमेल दिलेला असतो त्या लेखकाला सरळ लिहावं. मुलं बिचकतात, पण बीकॉमचा विद्यार्थी म्हणून ओळख देऊन विचारायला हरकत नसते, फक्त प्रश्न नेमके हवेत. ‘तुमच्या पद्धतीबद्दल अधिक माहिती द्या’ याला उत्तर येत नाही. हे तीन प्रश्न पाठवावेत: द्रावणाची घनता दर खेपेला मोजली होती का आणि किती आली, द्रावण वापरण्याआधी गाळलं होतं का, कोऱ्या चाचण्यांत किती तंतू मिळाले आणि ते वजा केले का. उत्तर आलं तर ते प्रकल्पात तारखेसह ‘लेखकाशी पत्रव्यवहार’ म्हणून द्यावं. नाही आलं, तर तंतूंचे आकडे वगळून बाकीचे घ्यावेत आणि पेटच्या रकान्यात ‘०’ न लिहिता ‘मोजले नाही’ असं लिहावं.